सुपं माहेरहून येतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं

प्रश्न : लग्नाला सात महिने झालेत. सासरचे लोक वाईट नाहीत, पण प्रत्येक सणाला माझं काहीतरी चुकतं आणि ते चुकल्यावरच मला कळतं. नातेवाईक टोमणे मारतात. नवरा म्हणतो, "सोडून दे, हळूहळू सवय होईल." मी जुळवून घ्यायचं तरी किती आणि नाही कुठे म्हणायचं?

उत्तर : माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांच्या संमतीने सांगते आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत. ती नागपूरची, शाकाहारी घरातली. तो संगमेश्वराकडचा, घर ठाण्यात. सासू-सासरे ठाण्यात यांच्यासोबतच राहतात, पण सण मात्र गावच्या घरी होतात. लग्न मे महिन्यात झालं आणि पहिल्या गौरी-गणपतीनंतर दोघं माझ्यासमोर येऊन बसली, खुर्च्यांत बऱ्यापैकी अंतर ठेवून.

भांडण गौरीवरून होतं. नागपूरला तिच्या माहेरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सोवळं कडक, कांदा-लसूण वर्ज्य, पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील. देवी तीच आणि नक्षत्रंही तीच, अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. त्यामुळे सासरच्या गौरी म्हणजे आपल्याच महालक्ष्म्या, असं धरून ती गावी गेली. तिथे तेरड्याची गौर आली आणि दुसऱ्या दिवशी गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा लावून गौरीला वडे-मटणाचा नैवेद्य निघाला. कोकणात बऱ्याच घरांत हा तिखटाचा मान असतो. हिला वासानेच मळमळलं, ती मागच्या पडवीत जाऊन बसली. बायकांमध्ये कुजबुज झाली, "नवी सून गौरीच्या जेवणाला नाक मुरडते."

त्याहून जास्त लागलं ते ओवशाचं. गौरी पूर्वा असल्या की नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. सुपांत फळं, पानसुपारी, नारळ, करंज्या असं मांडतात, सुपाला दोरा गुंडाळतात, सून ती गौरीपुढे ओवसते आणि मग घरातल्या मोठ्यांना देते. ते सुपात पैसे किंवा भेट घालतात. यांच्या घरी पहिल्या ओवशाची सुपं सुनेच्या माहेरहून यायची पद्धत. नागपूरला ओवसा हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी चुलत सासूने भरल्या घरात विचारलं, "सुपं कुठायत?" मग सासऱ्यांनी बाजारातून घाईघाईने पाच सुपं आणली. काकी म्हणाल्या, "माहेरच्यांना काही सांगायला नको का कुणी?"

हे सांगताना माझ्यासमोर ती रडली नाही. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "हा तिथेच उभा होता."

मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलते. त्याला मी साधा प्रश्न विचारला, ओवशाला सुपं किती लागतात? तो जरा थांबला. "आईला विचारावं लागेल." दोऱ्याला हळद कोण लावतं? "आईला..." आणि हसला. २९ वर्षं तो गौरी बघत आला होता. त्याचं काम तेरडा उपटून आणणं, आरतीला झांजा आणि रात्री भजन. घरची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली होती, पण तिच्यामागचं काम त्याला ठाऊकच नव्हतं. मग तो बायकोला आधी सांगणार काय? "हळूहळू सवय होईल" हे वाक्य बहुतेक वेळा याच अज्ञानातून येतं, दुष्टपणातून नाही. मात्र त्याची किंमत बायको मोजते.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांमधला ताण पेलवेनासा झाला की तिसरं माणूस ओढलं जातं. आपल्याकडच्या पहिल्या वर्षात मला हा त्रिकोण थोडा वेगळा दिसतो. नवरा आपला कोपरा सोडून बाहेर येतो आणि "तुम्ही दोघी बघून घ्या" म्हणतो. दोन बायका, ज्यांची ओळख चार महिन्यांची आहे, एकमेकींच्या मनातलं ओळखायच्या कामाला लागतात.

म्हणून मी गृहपाठ त्याला दिला, तिला नाही. हे दोघांनाही विचित्र वाटलं. आईजवळ बसून वर्षातले उरलेले सण त्याने वहीत लिहायचे होते. दसरा, दिवाळसण, संक्रांत, शिमगा आणि पुढच्या वर्षीच्या गौरी. प्रत्येक सणापुढे चार गोष्टी विचारायच्या : काय करतात, कोण करतं, सुनेच्या माहेरकडून काय अपेक्षा असते, आणि नाही केलं तर काय होतं.

चौथा प्रश्न मी मुद्दाम ठेवते. त्याच्या आईने दोन ठिकाणी सांगितलं, "हे चुकवायचं नाही." त्यातलं एक गौरीचं, दुसरं शिमग्यात घरी येणाऱ्या पालखीला नव्या जोडप्याने मान द्यायचा आणि देवीची ओटी भरायची. बाकी बहुतेक ठिकाणी त्या म्हणाल्या, "काही होत नाही रे, लोक विचारतात." म्हणजे डोंगराएवढी वाटणारी यादी मुळात दोन ओळींची होती. बाकी सगळी लोकांची भीती, आणि ती भीती सासूची होती, सुनेची नव्हे.

वही लिहिताना त्या आणखी एक बोलल्या. त्या स्वतः घाटावरच्या. "मलाही कुणी बसवून शिकवलं नाही. मी बघून शिकले. वाटलं, हीपण बघून शिकेल." हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला सगळ्या भांडणाची नाडी सापडल्यासारखं झालं. सासू लग्नानंतर गावच्या घरात सलग काही वर्षं राहिली होती. बघून शिकायला तिला शेकडो दिवस मिळाले. सुनेला नोकरीतून रजा मिळाली तीन दिवसांची. तीन दिवसांत बघून शिकणं होत नाही, फक्त चुका होतात.

पुढच्या बैठकीत वही मध्ये ठेवली आणि तिला विचारलं, यातलं मनापासून काय करशील, जमेल तेवढं काय करशील आणि काय अजिबात नाही. "अजिबात नाही" खाली एकच गोष्ट आली, मटणाला हात लावणं आणि ते शिजतं तिथे बसणं. वडे मात्र ती आनंदाने थापणार होती. तिने हे सासूला स्वतः सांगितलं, कारण हा तिच्या अंगाचा, तिच्या पोटाचा प्रश्न होता. शब्द आम्ही आधी ठरवले होते : "आई, वडे सगळे मी करते. मटणापाशी मात्र मला बसवत नाही, पोटात ढवळतं." सासू म्हणाली, "मग वडे तूच कर, माझे हात दुखतात." इतकंच.

काकींना सांगायचं काम मात्र त्याचं होतं. ज्याचे नातेवाईक, त्याने बोलायचं, एवढा एकच नियम मी पहिल्या वर्षात आग्रहाने पाळायला लावते. सुनेने खुलासा केला की ते उलट उत्तर ठरतं, मुलाने केला की ती घरातली गोष्ट राहते. तो फोनवर म्हणाला, "काकी, सुपांचं नागपूरला सांगायचं मीच विसरलो. चूक माझी, तिच्या माहेरची नाही." दोन मिनिटांचा फोन. तो होईपर्यंत तिच्या आई-वडिलांचा अपमान तसाच उघडा पडून होता.

तिची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणते ते मी तिला एक आठवडा मोजायला लावलं. अकरा वेळा. तिच्या मते ती माहिती देत होती, सासूला त्यात तुलना ऐकू येत होती. त्या जागी "तुमच्याकडे हे असं का करतात?" विचारून बघ म्हटलं. निम्म्या वेळा सासूलाही कारण माहीत नव्हतं आणि मग दोघी हसायच्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. संक्रांतीला पुन्हा बिनसलं. हलव्याचे दागिने, काळी साडी यावर तिची हरकत नव्हती. पण त्याने तिला न विचारता आईला होकार दिला आणि बुधवारी संध्याकाळी चाळीस बायकांचं हळदीकुंकू ठरलं. ती ऑफिसातून साडेसातला घरी येते. माझ्याकडे आली तेव्हा वही फाडायच्या बेतात होती. खरं तर हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, रविवार सहज मिळाला असता, आणि शेवटी मिळालाही. चूक सणाची नव्हती, होकार कुणी कुणाच्या वतीने दिला याची होती. त्यानंतर वहीत पाचवा रकाना आला, "तारीख दोघांनी ठरवली का?"

दिवाळसणाला तो नागपूरला गेला, तेव्हा पाटावर बसवून ओवाळलं, ताटाभोवती रांगोळी, नवे कपडे. जावयाला तिथली रीत माहीत नाही म्हणून कुणी काही बोललं नाही. परत आल्यावर मी विचारलं, तिथे तुम्ही काय चुकलात? त्याला आठवेना. मी पुढे काही बोलले नाही. गाडीत बसल्यावर तोच तिला म्हणाला म्हणे, "माझी परीक्षाच नव्हती."

आता तुमच्यासाठी एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. वर सांगितलं ते रीतींविषयी आहे. तुमचा पगार काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, सणाच्या नावाने माहेराकडे पैसे किंवा सोनं मागणं, हात उचलणं, यातलं काहीही होत असेल तर ते जुळवून घेण्याच्या यादीत येतच नाही. हुंडा मागणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही धरलेला आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तसं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी तो फोन करा.

तसं नसेल, तर तुमचा पुढचा सण कोणता ते बघा आणि त्याच्या पंधरा दिवस आधी नवऱ्याला आईजवळ बसवा. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबू नका. थांबलात तर तो तुमच्याकडे बघेल आणि सगळं पुन्हा तुमच्यावर येईल. पहिल्यांदा तो अर्धवट लिहून आणेल. त्या जोडप्यातल्या मुलाने संक्रांतीपुढे लिहिलं होतं, "तिळगूळ वगैरे." त्या "वगैरे"त चाळीस बायका होत्या. तेव्हा "वगैरे" दिसलं की त्याला परत पाठवा.

पुढच्या भाद्रपदाआधी तिच्या सासूने नागपूरला विहीणबाईंना स्वतः फोन केला होता. त्या वर्षी ओवसा नव्हताच. सासूला महालक्ष्म्यांच्या आंबिलीची कृती हवी होती.