व्हीआरएस ५४व्या वर्षी, मग साठीपर्यंत मेडिक्लेमचं काय?

"मॅडम, पुढच्या महिन्यात व्हीआरएस घेतोय. वय ५४. सिनिअर सिटिझन पॉलिसी साठीनंतरच मिळते. मधली सहा वर्षं एफडीवर काढू का? मला बीपी आहे, हिला शुगर."

ऐरोलीचं हे जोडपं माझ्या ठाण्यातल्या ऑफिसात आलं, तेव्हा साठीची वाट पाहायची हे त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. मी आधी कागदावर हिशेब मांडला. साठीला नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पीरियड तेव्हा सुरू होणार. म्हणजे शुगरमधून उद्भवलेल्या आजारपणाचा खर्च त्रेसष्टीपर्यंत स्वतःच्या खिशातून. शिवाय सिनिअर पॉलिसीत बऱ्याचदा को-पे असतो, बिलाचा ठरावीक हिस्सा आपणच भरायचा. साधी फॅमिली फ्लोटर, म्हणजे दोघांची मिळून एकच पॉलिसी, ५४व्या वर्षी मिळते, आणि वेळेवर रिन्यू करत राहिलं तर साठीनंतरही चालू राहते. मग थांबायचं कशासाठी?

त्याहून महत्त्वाचं होतं कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत 'मायग्रेशन' मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. पण ग्रुपचं कव्हर बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतं, म्हणून अर्ज निदान महिनाभर आधी हवा. आमच्या हाती तेवढेच दिवस होते.

ग्रुप मेडिक्लेमचं ई-कार्ड पाहिलं तर त्यावर कव्हर सुरू झाल्याची तारीख फक्त चालू वर्षाची, १ एप्रिल. एवढ्यावर एकाच वर्षाची सवलत मिळाली असती. एचआरकडून दोघांच्या नावांसह मागच्या सगळ्या वर्षांचा दाखला मागवला. तो येईपर्यंत फोनवर फोन झाले. फक्त रिलीव्हिंग लेटर घेऊन बाहेर पडणारे इथेच फसतात.

मायग्रेशन म्हणजे हमखास होकार नव्हे. कंपनी तपासण्या मागते, कधी नाकारतेही. म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्रपोजल फॉर्मही त्याच आठवड्यात भरून ठेवला. शेवटी मायग्रेशनच मंजूर झालं, थोड्या जास्त प्रीमियमवर. ग्रुपचं कव्हर तीन लाखांचं होतं, नवी पॉलिसी पाच लाखांची. जुन्या वर्षांचा फायदा तीन लाखांपुरताच, वरच्या दोन लाखांना वेटिंग नव्याने लागलं. त्याची तजवीज म्हणून दोन लाखांची एफडी वेगळी काढायला सांगितली. एफडीचं काम एवढंच.

दुसरा फॉर्म भरताना एजंटने हळूच सुचवलं होतं, "शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी एचबीएवनसीचा ताजा रिपोर्टच फॉर्मला जोडायला लावला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण त्याआधी अॅडमिट व्हायची वेळ आली आणि जुन्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये शुगरची नोंद सापडली, तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.