“मॅडम, वयामुळे असेल की कॅन्सर? पिशवी काढावी लागेल का?”

“मॅडम नमस्कार, मी मागे तुमच्याकडे दाखवून गेले होते. वय ४४, दोन मुलं, ऑपरेशन झालेलं आहे. दिवाळीपासून पाळीचा काही मेळच राहिला नाही, कधी दीड-दोन महिने येत नाही आणि आली की पंधरा पंधरा दिवस जातच राहते, मधेच डाग लागतात, गाठी पण पडतात. थकवा तर इतका की दोन जिने चढले की धाप लागते, ऑफिसातून आल्यावर कणीक मळायचं पण त्राण नसतं. जाऊबाई म्हणतात पाळी जायची वेळ आली की असंच होतं. शेजारच्या काकूंना असंच व्हायचं, त्यांची पिशवी काढली. मला रात्र रात्र झोप लागत नाही. कॅन्सर तर नसेल ना?”

हा मेसेज आला तो जूनमधे, रात्री साडेदहाला. ताईंच्या परवानगीने लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी लगेच उलट तीनच गोष्टी विचारल्या. आत्ता रक्त जातंय का, एक पॅड किती वेळ पुरतंय, आणि उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते का. कारण तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास सलग चाललंय, किंवा चक्कर येऊन पडायला होतंय, तर मग सकाळपर्यंत थांबायचंच नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. ताईंचं पॅड तीन-चार तास पुरत होतं, अंधारी नव्हती. म्हणून म्हटलं उद्या सकाळी या आणि येताना घरातलं कॅलेंडर घेऊन या.

बहुतेक घरांत ओट्याजवळ कालनिर्णय असतं, त्यावर दुधाचे खाडे आणि गॅस कधी लागला ते लिहिलेलं असतं, आणि बायका कोपऱ्यात बारीक फुली मारून पाळीही लिहितात. ताईंनी मागच्या वर्षाचं पण जपून ठेवलं होतं. दोन्ही टेबलावर पसरून आम्ही एकेक महिना बघत गेलो. पाळी २४ ते ३८ दिवसांनी येणं आणि आठ दिवसांच्या आत थांबणं, हे साधारण नॉर्मल धरतात. ताईंचं ऑक्टोबरपर्यंत अगदी व्यवस्थित होतं, मग ५२ दिवसांचा खाडा आणि नंतर १६ दिवस ब्लीडिंग, मग पुन्हा तसंच. हा पॅटर्न दिसला की माझ्या डोक्यात पहिलं येतं की या बाईचं अंडं दर महिन्याला तयार होत नाहीये.

आणि अजून एक गोष्ट कॅलेंडरवर सापडली जी मेसेजमधे नव्हती. मार्चमधे घरात लग्न होतं म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या, मग एप्रिलमधे ब्लीडिंग थांबेना म्हणून त्याच गोळ्या पुन्हा. थांबलं. गोळ्या बंद केल्या आणि चौथ्या दिवशी धो धो सुरू. त्यांना वाटलं आजार वाढला. खरं तर या गोळ्या म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, ते चालू असेपर्यंत पिशवीचं अस्तर टिकतं आणि बंद केलं की काही दिवसांत गळतं, ते येणारच. पण असं मनाने घेत राहिलं की मूळ कारण झाकून जातं आणि तपासायला उशीर होतो, मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते कारण सणासुदीच्या आधी या गोळ्या चहा-साखरेसारख्या विकत घेतल्या जातात.

तपासताना पापणी खाली ओढून बघितली तर आतून अगदी पांढरी, नखं चपटी झालेली. मी विचारलं, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? ताई चपापल्या. फ्रीजमधला ट्रे रोज रिकामा करते मॅडम, पण तुम्हाला कसं कळलं? बर्फ चघळत राहावंसं वाटणं ही लोह फार कमी झाल्याची खूण असते, घरचे मात्र त्याला खोड म्हणतात.

पहिली टेस्ट केली ती प्रेग्नन्सीची. ताई म्हणाल्या अहो ऑपरेशन झालंय, वय बघा! पण ऑपरेशन झालं तरी क्वचित गर्भ राहतो आणि तेव्हा तो नळीत असण्याची शक्यता जास्त, म्हणून ही टेस्ट सोडायची नसते. ती निगेटिव्ह आली. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.२, जे बाईचं किमान १२ हवं, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा फक्त ५. थायरॉईड नॉर्मल आलं. त्याची गडबड असली तरी पाळी अशी होऊ शकते म्हणून बघावंच लागतं.

म्हणजे थकवा वेगळा आणि पाळी वेगळी असं काही नव्हतंच. हिमोग्लोबिन हळूहळू उतरलं की शरीर जुळवून घेतं, म्हणून ७.२ वर सुद्धा बाई लोकल पकडते, डबा करते आणि सगळे म्हणतात वय झालं. एका पाळीत ८० मिलिपेक्षा जास्त रक्त गेलं की जास्त समजतात, एवढ्या रक्तात साधारण ४० मिलिग्रॅम लोह जातं आणि आपल्या जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, त्यातलं एक शरीराच्या रोजच्या झिजेतच संपतं. ताई सहा महिने बीटाचा रस पीत होत्या, बीटात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं. मग भरून निघणार कसं, तेही नळ चालू असताना?

सोनोग्राफीचा रिपोर्ट ताईंनी रिक्षातच वाचला आणि रडतच केबिनमधे आल्या. लिहिलं होतं पिशवी थोडी मोठी, १.८ सेंटीमीटरचा फायब्रॉईड, अस्तर १४ मिलिमीटर. फायब्रॉईड म्हणजे पिशवीच्या स्नायूची साधी गाठ, ताईंचा फायब्रॉईड भिंतीत होता, अस्तराला टेकत नव्हता, असा छोटा फायब्रॉईड असंख्य बायकांना असतो आणि त्याचा या ब्लीडिंगशी बहुधा संबंध नसतो, तो कॅन्सरही नसतो. अस्तराचं मात्र वेगळं. नेटवर वाचून बायका येतात की ४ मिलिमीटरच्या वर गेलं म्हणजे कॅन्सर, तो ४ चा आकडा पाळी कायमची बंद झालेल्या बाईला ब्लीडिंग झालं तर लावायचा असतो. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याभरात कमीजास्त होतच असतं, त्यामुळे नुसत्या जाडीवरून हो किंवा नाही काहीच सांगता येत नाही. चाळिशी उलटलेली, सात महिने अनियमित ब्लीडिंग, वजन ८१ किलो, त्यामुळे अस्तराचा तुकडा तपासणं गरजेचंच होतं.

बायोप्सी हा शब्द ऐकला आणि ताईंचे हात गार पडले. मी ती नळी त्यांच्या हातात दिली, तीन एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची, वाकवली की वाकते. तासभर आधी पेनकिलर घ्यायची, बेडवर झोपायचं, नळी आत गेल्यावर मिनिटभर पाळीसारखी जोराची कळ येते आणि झालं. भूल नाही, अ‍ॅडमिट नाही. दुखतच नाही असं मी कोणालाच सांगत नाही, दुखतं, पण थोडाच वेळ. अर्धा तास बसून ताई नवऱ्याबरोबर घरी गेल्या.

रिपोर्ट आला हायपरप्लेसिया, विदाऊट एटिपिया. म्हणजे अस्तर जास्त वाढलंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत. अंडं तयार झालं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत राहतं, आणि वजन जास्त असेल तर चरबीतूनही इस्ट्रोजेन बनतं. मग वाढलेलं अस्तर कधी कुठून गळेल याचा नेम नाही, म्हणून महिना महिना काही नाही आणि नंतर पंधरा दिवस. आता यातून कॅन्सर होतो का, तर विदाऊट एटिपिया असेल तर वीस वर्षांत ५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि उपचार केले तर बहुतेक जणींचं अस्तर पूर्ववत होतं. विथ एटिपिया आलं असतं तर बोलणं वेगळं असतं, तिथे ४४ व्या वर्षी आणि मुलं झालेली असताना मीच पिशवी काढायचा सल्ला दिला असता.

ताईंचे मिस्टर म्हणाले, मॅडम कटकट नको, काढूनच टाका. हे मी फार ऐकते. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्या गेल्या, २०१९ मधे त्याची राज्यभर चर्चा झाली, तिथेही कॅन्सर होईल ही भीतीच बऱ्याच जणींना दाखवली गेली होती. मी त्यांना सरळ सांगितलं की आज ७.२ हिमोग्लोबिनवर ऑपरेशन करायचं म्हणजे आधी रक्त चढवायचं, भूल द्यायची, आणि तेही अशा गोष्टीसाठी जी औषधाने बरी होते. औषधाने नाही जमलं तर ऑपरेशन आहेच, ते कुठे पळून जात नाही.

मग पिशवीत हार्मोनची कॉपर-टीसारखी टी बसवली. ती रोज थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन थेट अस्तरावर सोडते. बसवायच्या आधी मी प्रत्येकीला एक गोष्ट दोनदा सांगते, पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागणार, त्याने घाबरून काढायला येऊ नका. ताई तरी दुसऱ्या महिन्यात फोन करून म्हणाल्याच की काढून टाका. पुन्हा कॅलेंडर आणायला लावलं, डाग होते पण पॅड भिजण्याइतकं ब्लीडिंग एकदाही नव्हतं, मग त्यांचं त्यांनाच पटलं.

लोहाच्या गोळ्यांनी त्यांना मळमळायचं आणि साठा तर तळाला गेलेला, म्हणून सलाईनमधून लोह दिलं. महिन्याने हिमोग्लोबिन ९.८, तीन महिन्यांनी १२.१. बर्फ खावासा वाटणं तर हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच, दोन आठवड्यांत थांबलं. ज्यांना गोळ्या सोसतात त्यांनी गोळ्याच घ्याव्यात, फक्त चहाबरोबर नको, तास-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर उत्तम, शौचाला काळं झालं तर घाबरू नका, आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे अजून तीनेक महिने लागतात.

सहा महिन्यांनी तीच नळी, तीच मिनिटभराची कळ, आणि रिपोर्टमधे अस्तर नॉर्मल. अजून सहा महिन्यांनी एकदा बघायचंय, लागोपाठ दोन रिपोर्ट चांगले आले की मग बायोप्सीचं थांबवू, टी मात्र तशीच ठेवायची. वजन सहा किलो उतरलंय. जाऊबाईंना पण पाळीचा त्रास आहे म्हणे आणि त्याही वय झालं म्हणून गप्प होत्या, त्यांना पुढच्या मंगळवारची वेळ दिलीय, येताना कॅलेंडर घेऊन.