मोडांच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला काय बोलावं?

प्रश्न : शाळेत बियांना मोड आणण्याची स्पर्धा आहे आणि शेतकरी म्हणून उद्घाटनाला मला बोलायला सांगितलंय. पाच मिनिटांत असं काय सांगू, की मुलं बी कसं जागं होतं ते नीट बघतील?

उत्तर : सगळं सांगायला जाऊ नका. बी फुगणं वेगळं आणि बी जागं होणं वेगळं, एवढंच त्यांच्या मनात उतरवा. त्यासाठी आदल्या रात्री दोन वाट्यांत हरभरा भिजत घाला. एका वाटीतला हरभरा त्याआधी दहा मिनिटं उकळून थंड केलेला असू द्या. वाट्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहा, कशात काय आहे ते सांगू नका. भाषण खाली देतो, तुमच्या बोलीत बदलून घ्या.

“मुलांनो, या दोन्ही वाट्यांतले दाणे टम्म फुगलेत. यातल्या एका वाटीतले दाणे मेलेले आहेत. कुठले, ते मी आज सांगणार नाही. फुगायला बी जिवंत असावं लागत नाही, कारण कोरडी वस्तू पाणी शोषते तसं मेलेलं बीही शोषतं. खरं काम त्यानंतर आत सुरू होतं. जिवंत बी श्वासाचा वेग वाढवतं, साठवलेलं पीठ विरघळवून त्याची साखर करतं आणि त्या बळावर मूळ वाढवतं.

आता हरभऱ्याचा एकेक दाणा हातात घ्या. त्याला चोच दिसते ना? मूळ त्या चोचीपाशीच साल फोडून बाहेर येईल. आधी मूळ, कोंब नंतर. असं का, ते त्याच्याकडे बघूनच ओळखा. मूळ अर्धा इंच झालं की दाणा ओल्या कापडावर असा ठेवा, की मुळाचं टोक वर राहील. काही तासांनी पुन्हा बघा. ते टोक वळून खाली आलेलं दिसेल. सगळं मूळ वळत नाही, टोकामागचा जरासा भागच वळतो. कुठून वळलं त्याचं चित्र वहीत काढा.

आणि पाण्याचा मोह आवरा. आठेक तास भिजवलं की पाणी काढून टाका. दाणे ओल्या कापडात ठेवा, बुडवून ठेवू नका. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही, ते गुदमरतं, बुळबुळीत होतं आणि वास मारतं.”

इथेच थांबा. वाट्या वर्गात ठेवा आणि पाणी काढायला सांगा. उबदार हवेत दीड-दोन दिवसांत एका वाटीत मुळं दिसतील. दुसरीतले दाणे मऊ पडतील, मग त्यांना वास यायला लागेल. तेव्हा ती वाटी टाकून हात धुवायला लावा.

शिक्षकांशीही दोन शब्द बोला, कारण अशा स्पर्धेत सहसा लांब मोडाला बक्षीस मिळतं आणि मला ते पटत नाही. अंधारात ठेवलेला मोड उजेडातल्यापेक्षा लांब होतो, पण तो पांढुरका आणि लेचापेचा असतो. लांबीवर गुण दिले तर मुलं दाणे कपाटात कोंडतील. त्याऐवजी नोंदीला गुण द्या. नोंद कशी असावी, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा एखाद्या मुलीने मुगाचे पन्नास दाणे मोजून घेतले. भिजवल्यावर सेहेचाळीस फुगले, चार खड्यासारखे तसेच राहिले. चौथ्या दिवशी फुगलेल्यांपैकी अडतीस दाण्यांना मूळ आणि सरळ कोंब आला, पाच सडले आणि तिघांचं मूळ बाहेर येऊन टोकाशी काळं पडलं. तिची उगवण पन्नासांत अडतीस, म्हणजे शंभरी 76. टोक काळं पडलेले तीन दाणे तिने उगवणीत धरले नाहीत, हे बरोबर केलं, कारण त्यांचं धड रोप होत नाही.

न फुगलेले ते चार दाणे मात्र मेलेले समजू नका. मुगात काही दाण्यांची साल पाणी आत घेतच नाही, पण आतला जीव शाबूत असतो. त्यातले दोन दाणे पांढऱ्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला वाळूच्या कागदावर हलके घासून पुन्हा भिजवायला सांगा. पांढऱ्या डोळ्याजवळ घासू नये, तिथे मूळ असतं. उरलेले दोन न घासता शेजारी ठेवा. घासलेले फुगले आणि त्यांना मोड आले, तर अडथळा सालीचा होता हे मुलांना आपोआप कळेल.

वर्गात बियाणं वाटणार असाल तर घरचं, औषध न लावलेलंच द्या. पेरणीसाठी प्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं मुलांच्या हातात देऊ नका.