डॉट मॅट्रिक्सवर छापलेला जुना बायोडेटा परत टाइप न करता वर्डमध्ये कसा आणायचा?

प्रश्न: वडील टर्नर आहेत. त्यांचा १९९६ चा इंग्रजी बायोडेटा फक्त कागदावर उरलाय, डॉट मॅट्रिक्सवर छापलेला. मोबाइलने फोटो काढून मजकूर काढला तर अक्षरं भलतीच येतात. नीट कसा काढता येईल? आम्ही नाशिकलाच राहतो.

उत्तर: माझं सातपूरला डीटीपीचं दुकान आहे. एमआयडीसीतल्या लोकांचे असे कागद माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण बहुतेक छपाईतच आहे. डॉट मॅट्रिक्सचं अक्षर सलग रेषेचं नसतं, ते सुट्या ठिपक्यांचं असतं. रिबन जुनी झालेली असेल तर ठिपक्यांमधली फट आणखी वाढते. आपला डोळा ती फट भरून घेतो, सॉफ्टवेअरला मात्र तिथे तुटलेली अक्षरं दिसतात. म्हणून फोटोऐवजी फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल एवढं सांगितलं की झेरॉक्सवाला बरोबर करून देतो. 'ब्लॅक अँड व्हाइट' मोड घेऊ नका, त्यात फिके ठिपके पार उडून जातात. कागद पातळ असेल आणि मागची छपाई दिसत असेल, तर त्याच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. मागची अक्षरं जवळजवळ गायब होतात.

स्कॅन झाल्यावर जिंप किंवा तसल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये चित्राला अगदी हलका ब्लर द्या, एखाद्या पिक्सेलचा. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि रेषा तयार होते. डॉट मॅट्रिक्सच्या कागदाला याचा जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाचा पडत नाही. लेझर प्रिंट असेल तर मात्र याची गरज नाही.

फोटोच काढायचा असेल तर दिवसा खिडकीपाशी काढा, फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल कागदाला समांतर धरा. लॅमिनेट केलेला कागद असेल तर उजेड बाजूने येऊ द्या, नाहीतर चकाकीखाली ओळीच्या ओळी जातात. फोटो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर साधा पाठवून कॉम्प्युटरवर घेऊ नका, तो दाबून लहान केला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

आता मजकूर काढायचा. सोपा रस्ता म्हणजे फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवर तिच्यावर राइट क्लिक करून `Open with` मध्ये `Google Docs` निवडा. वर चित्र आणि खाली मजकूर अशी फाइल उघडते. पण आधी चित्राचे तुकडे करा: नाव-पत्ता वेगळा, शिक्षणाचा तक्ता वेगळा, अनुभव वेगळा. अख्खं पान दिलं की डावीकडची तारीख आणि उजवीकडचं कंपनीचं नाव कुठेही जोडलं जातं. कॉम्प्युटरवर चित्रातून मजकूर काढणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम असेल तर अनुभवाच्या तुकड्याला ही कमांड चालते:

```
tesseract anubhav.png anubhav -l eng --psm 6
```

`--psm 6` म्हणजे हा सगळा मजकूर एकाच सलग ठोकळ्यातला समज. मजकूर `anubhav.txt` मध्ये मिळतो. शिक्षणाचा तक्ता मी कधीच सॉफ्टवेअरकडून काढत नाही. रकाने विस्कटतात, आणि ते जुळवत बसण्यापेक्षा चार-पाच ओळी हाताने टाइप करणं लवकर होतं.

निघालेला मजकूर वर्डच्या कोऱ्या फाइलमध्ये नुसता मजकूर म्हणून चिकटवा, जुनी मांडणी सोबत आणू नका. मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे चुका शोधणं. टर्नरच्या बायोडेटात त्या कशा येतात ते सांगतो. r आणि n चिकटून छापले गेले की त्यांचा m होतो, म्हणजे `Turner` चं `Tumer` आणि `Internal threading` चं `Intemal threading`. `Tumer` साठी स्पेलचेक `Tumor` सुचवू शकतो, तेव्हा सुचवलेला शब्द डोळे झाकून घेऊ नका. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: वर्डचा स्पेलचेक कॅपिटल अक्षरांतले शब्द आणि आकडे असलेले शब्द मुळात तपासतच नाही. जुन्या बायोडेटात हेडिंगं आणि कंपन्यांची नावं सगळी कॅपिटलमध्ये असतात. `File`, `Options`, `Proofing` मध्ये जाऊन या दोन्ही सवलती काढून टाका.

सगळ्यात घातक चुका चिन्हांच्या आणि आकड्यांच्या असतात, कारण त्या वाचताना खटकत नाहीत. अशाच एका काकांच्या बायोडेटात `±0.02 mm` लिहिलेलं होतं, ते `+0.02 mm` होऊन आलं. दिसायला ठीक, पण टूलरूमच्या माणसाला तो वेगळाच टॉलरन्स वाटणार. व्यासाचं चिन्ह `Ø` तर हमखास शून्य होतं. उलटी बाजूही लक्षात ठेवा. त्याच कागदावर सीएनसी मशीनच्या कंट्रोलचं नाव `Fanuc 0-T` होतं आणि तिथे शून्यच बरोबर आहे. सगळीकडे शून्याचा ओ किंवा ओचं शून्य असं एकगठ्ठा बदललं की नाव बिघडतं. म्हणून `Replace All` वापरायचंच नाही, एकेक ठिकाण बघून बदलायचं. तपासताना फॉन्ट `Consolas` ठेवा. त्यात शून्याला तिरकी रेघ असते, आणि 1, l, I वेगळे दिसतात.

मार्कांना माझी एक पद्धत आहे. काकांच्या कागदावर दहावीचे मार्क होते 438/700 आणि टक्के 62.57. मशीनने `488/700` वाचलं आणि दशांशचिन्ह गाळून `6257` केलं. ४८८ ला ७०० ने भागलं तर ६९.७१ येतात, जुळत नाही. ४३८ ला भागलं की ६२.५७ येतात. म्हणजे मार्क आणि टक्के एकमेकांची साक्ष देतात. तुमच्याकडेही दोन्ही लिहिलेले असतील तर कॅल्क्युलेटरवर एकदा भागून बघाच, आणि तरी शेवटी मूळ मार्कशीटशी ताडा. वर्षांचंही तसंच. 1993 चं 1998 होणं फार सोपं असतं, पण मग आयटीआय संपण्याआधीच नोकरी लागलेली दिसते. वर्षं क्रमाने एका ओळीत लिहून काढली की असला घोटाळा लगेच कळतो.

एक गोष्ट 'दुरुस्त' करू नका. जुन्या सर्टिफिकेटांवर आपल्या गावाचं नाव `Nasik` असंच असतं. संस्थेच्या नावात सर्टिफिकेटवर जे असेल तेच ठेवा, `Nashik` फक्त आजच्या पत्त्यात लिहा. नाहीतर कागदपत्रं तपासताना नाव जुळत नाही म्हणून प्रश्न निघतात.

शेवटची तपासणी दोघांनी बसून करा. वडिलांनी मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, आकडे एकेक करून: 'चार, तीन, आठ'. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून बघायचं. त्यांच्या कामातल्या शब्दांची चूक त्यांनाच चटकन कळेल. ती झाली की मगच तारखा, मोबाइल नंबर आणि नवा अनुभव घाला, म्हणजे जुनं आणि नवं तपासताना मिसळत नाही.

स्कॅन बाहेरून करून घेतलं तर फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवरून समोरच डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. बायोडेटात जन्मतारीख आणि पत्ता सगळंच असतं.