टिंब चुकतंय की तपासणी?

"मुलगा यूपीएससीसाठी इतिहास घेऊन बसलाय. नकाशाच्या ५० गुणांसाठी मी रोज रात्री जुन्या नकाशावर त्याची परीक्षा घेतो. नेमकं गाव चुकतं, वर 'टिंबच नीट कळत नाही' अशी कारणं देतो. हा विषय सोडायला सांगू का?" – एक वडील

तो कारणं देत नाहीये. मला काळजी वाटते ती तुमच्या रात्रीच्या परीक्षेची. उत्तरं हातात धरून बरोबर-चूक करणं सोपं आहे. समोर नुसतं टिंब असताना गाव ओळखणं वेगळं. रोज रात्री वडिलांसमोर नापास होणारा मुलगा खऱ्या पेपरात शंका आली की जागा कोरी सोडतो. तिथे नकारात्मक गुण नसतात, म्हणजे कोरी जागा हाच शुद्ध तोटा.

टिंबावरून गाव नेमकं कळतं, हाच गैरसमज आहे. कागदभर भारताच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२-१३ किलोमीटर. प्रवरेकाठच्या दायमाबाद आणि नेवासे या उत्खननाच्या गावांत जेमतेम दोन मिलिमीटर उरतात. छपाईचं टिंब थोडं जाड असलं की दोन्ही गावं त्याखाली झाकली जातात. जोर्वे तेवढं थोडं पश्चिमेला पडतं. म्हणून तर प्रत्येक टिंबासोबत सूचक ओळ दिलेली असते. टिंबावरून परिसर ठरवायचा आणि गाव त्या ओळीवरून.

समजा, टिंब मुंबईच्या पूर्वेला दीडेक सेंटिमीटरवर आहे. मुंबईतून आडवी रेघ मनात ओढायची. टिंब तीन-चार मिलिमीटर वर असेल तर प्रवरेचं खोरं, तेवढंच खाली असेल तर घोड नदीकाठचं इनामगाव. आता सूचना वाचायची. 'उत्तर हडप्पा', म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा काळ, असेल तर दायमाबादच. १९७४ मध्ये सापडलेला कांस्य रथ आणि प्राणी नावासोबत लिहायच्या छोट्या टिपणात आलेच पाहिजेत. नुसतं 'ताम्रपाषाण' असेल आणि टिंब वर असेल, तर मात्र तुमचा मुलगा म्हणतो तीच अडचण खरी आहे. अशा वेळी एकच नाव लिहायचं, दोन नावं तिरकी रेघ मारून नाहीत. टिपणाच्या तीस शब्दांत आधी खोरं आणि जोर्वे संस्कृतीची रंगवलेली भांडी लिहायची. नाव चुकलं तर त्या टिपणाला गुण मिळतीलच, असं मात्र धरून चालू नका.

विषय सोडायचा प्रश्न एवढ्यावरून येतच नाही. निबंधवजा उत्तरं कशी लिहितो, ते आधी पाहा. पेपर १ मधले उरलेले २०० गुण त्यांचे आहेत.

रात्रीची परीक्षा बंद करा. घ्यायचीच असेल तर टिंब दाखवून "इथे काय काय असू शकतं?" एवढंच विचारा आणि तो कोणती नावं कशामुळे खोडतो ते ऐका. आणि प्रत्यक्ष पेपरात टिंब पुसट किंवा क्रमांक अस्पष्ट दिसला, तर नकाशा हातात आल्या आल्या पर्यवेक्षकांना दाखवायचा, तासाभराने नाही.