राज्यवर्ष बावन्न, पण राजाचं वय किती?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. राष्ट्रकूटांची वंशावळ नीट उतरली आहे. मात्र अमोघवर्षाच्या रकान्यात एका ओळीवर मी अडलो: ‘इ.स. ८६६ मध्ये राजा ५२ वर्षांचा होता.’ हा ५२ कुठून आला हे कळायला वेळ लागला नाही. शिरूरच्या लेखात ५२ आहे, पण तो राज्यवर्षाचा आकडा आहे. सेवापुस्तिकेतली नोकरीची वर्षं मोजून कुणाचं वय काढता येत नाही, तसंच हे. मात्र ओळ नुसती खोडू नकोस. या राजाचं राज्य आणि आयुष्य वेगवेगळं मोजण्याइतका पुरावा हाताशी आहे, आणि इतका पुरावा फार थोड्या राजांच्या वाट्याला येतो.

आधी शिरूरचा लेख. हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, धारवाडकडचं. लेखात शके ७८८, व्यय संवत्सर, ज्येष्ठ अमावास्या, रविवार, सूर्यग्रहण आणि राजाचं बावन्नावं राज्यवर्ष असं सगळं एकत्र आहे. हे सगळे तपशील एकमेकांवर घासून बघ. शके ७८८ हे गत, म्हणजे पूर्ण झालेलं वर्ष धरून त्यात ७८ मिळवले की ८६६ येतं. त्या वर्षीची ज्येष्ठ अमावास्या, महिना अमावास्येला संपवणाऱ्या आपल्या अमान्त पद्धतीने, १६ जूनला पडते आणि त्या दिवशी रविवारच येतो. सूर्यग्रहणही त्याच दिवशी होतं. उत्तरेकडची, महिना पौर्णिमेला संपवणारी पौर्णिमान्त पद्धत लावली तर ज्येष्ठ अमावास्या मे महिन्यात जाते आणि रविवार हुकतो. शके ७८८ हे चालू वर्ष मानून ८६५ घेतलं तर संवत्सर पार्थिव येतं, व्यय नाही. संवत्सराचा ताळा घरच्या जुन्या पंचांगातही बघता येईल: शके १९२८, म्हणजे २००६-०७ हे व्यय संवत्सर होतं. तिथून साठ-साठ वर्षांच्या एकोणीस फेऱ्या मागे गेलं की बरोबर ७८८ वर येतो. थोडक्यात, तारीख पक्की आहे. अशी तारीख हाती लागली की राज्यवर्षाचा आकडा टांगायला खुंटी मिळते. नुसतं ‘राज्यवर्ष ५२’ एवढंच असतं तर तो आकडा हवेतच राहिला असता.

आता मागे मोजू. बहुतेकांची गल्लत इथे होते, कारण ते सरळ ८६६ मधून ५२ वजा करून ८१४ लिहून टाकतात. लेखात ५२ वं वर्ष चालू आहे असं धरलं, तर पूर्ण झालेली वर्षं ५१. म्हणून गादीवर बसण्याचा दिवस ज्येष्ठ ८१४ नंतर आणि ज्येष्ठ ८१५ च्या आत कुठेतरी येतो. त्याआधीही नाही, नंतरही नाही. जो राजा आषाढात गादीवर बसला त्याचं राज्यवर्ष आषाढात पालटतं. राज्यवर्षाला चैत्रपाडव्याशी काही देणंघेणं असेलच असं नाही. म्हणून तुझ्या तक्त्यात ‘८१४’ असा एकच आकडा न लिहिता ‘८१४-१५’ लिही आणि शेजारी ‘५२ चालू धरून’ अशी टीप दे. ५२ वर्षं पूर्ण झाली असं कुणी मानलं तर हा सगळा पट्टा एक वर्ष मागे सरकेल, आणि तुझी टीप वाचणाऱ्याला ते लगेच कळेल.

दुसरं टोक कान्हेरीत सापडतं. बोरिवलीच्या जंगलातल्या या लेण्यांत अमोघवर्षाच्या काळचे तीन लेख आहेत: शके ७६५, ७७५ आणि ७९९. शेवटचा म्हणजे इ.स. ८७७-७८. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचा दुसरा कपर्दी सामंत होता आणि लेखात त्याच्या वर सम्राट म्हणून अमोघवर्षाचं नाव आहे. आता वजाबाकी कर. राज्यारोहण शक्य तितकं उशिरा आणि कान्हेरीचा लेख शक्य तितका आधीचा धरला तर पावणेबासष्ट वर्षं होतात. उलट बाजूने धरलं तर पावणेचौसष्ट. सगळीकडे जो ‘६४ वर्षे राज्य’ हा आकडा फिरतो तो या पट्ट्याचं वरचं टोक गोल करून घेतलेला आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो लेखात कोरलेला नाही. कान्हेरीचा लेख इतकंच सांगतो की शके ७९९ मध्ये हा राजा सम्राट मानला जात होता. पुढे किती वर्षं, हे त्यातून निघत नाही. शेवटचा उपलब्ध लेख म्हणजे राज्याचा शेवट नव्हे. राजा गेला म्हणून लेख थांबले, की पुढचे दगड फुटून कुणाच्या पायरीला लागले, हे दगड सांगत नाही.

मधला एक पदर मला फार आवडतो. राष्ट्रकूटांच्या गुजरातच्या शाखेतल्या कर्काचा नवसारीचा ताम्रपट शके ७३८ चा, म्हणजे ८१६ चा आहे. त्यात अमोघवर्षाविरुद्धच्या कुठल्या बंडाचा उल्लेख नाही. त्याच कर्काचा सुरतचा ताम्रपट शके ७४३ चा, म्हणजे ८२१ चा, आणि त्यात कर्काने अमोघवर्षाला पुन्हा गादीवर बसवल्याची फुशारकी आहे. याचा अर्थ या पाच वर्षांत कधीतरी पोराची गादी गेली होती. तरी शिरूरच्या लेखात ५२ हा आकडा सलग आलेला आहे. दरबारातल्या मोजणाऱ्याने गेलेले दिवस वजा केले नाहीत. तेव्हा राज्यवर्ष म्हणजे प्रत्यक्ष सत्ता हाती असल्याचा काळ, असंही धरून चालत नाही. पहिल्या अभिषेकापासून सुरू झालेली ती एक अखंड गणती असते.

मी वर ‘पोराची’ म्हणालो, कारण आता वयाकडे यायचं आहे. राज्यवर्षांच्या लेखांतून वय कधीच निघत नाही, त्यासाठी जन्माचा वेगळा पुरावा लागतो. एखादा लेख दोन्ही देतो. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीतल्या हाथीगुंफेत कलिंगच्या खारवेल राजाची हकिगत कोरली आहे: पंधरा वर्षं कुमारवयातले खेळ, नऊ वर्षं युवराजपद, चोवीस पूर्ण झाल्यावर अभिषेक आणि मग तेराव्या राज्यवर्षापर्यंतची एकेक कामगिरी. तिथे २४ मध्ये राज्यवर्ष मिळवून त्या-त्या वर्षीचं वय थेट काढता येतं. पण खारवेल सदतिसाव्या वर्षी वारला असं लिहिणारेही भेटतात! लेख तेराव्या वर्षी संपतो, राजा संपल्याचं तो सांगत नाही.

अमोघवर्षाच्या बाबतीत जन्माचा धागा त्याच्याच संजानच्या ताम्रपटात आहे. तो शके ७९३ चा. त्यात म्हटलं आहे की त्याचा बाप गोविंद तिसरा पावसाळ्यात श्रीभवन इथे, भडोचकडे, मुक्कामाला होता आणि तिथे हा मुलगा झाला. वर्ष दिलेलं नाही. म्हणून प्रश्न असा झाला की तो पावसाळा कोणता? तो गोविंदाच्या उत्तरेच्या स्वारीशी जोडला जातो, आणि स्वारीचं साल बदललं की जन्माचं साल बदलतं. आधीच्या अभ्यासकांनी स्वारी ८०६-०७ च्या सुमाराची मानली, म्हणून जन्म ८०८ ला आला आणि राजा सहा-सात वर्षांचा असताना गादीवर बसला असं ठरलं. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीचा ताम्रपट अभ्यासात आला. तो शके ७२७, म्हणजे ८०५ चा, आणि त्यात गोविंदाने बंगालच्या धर्मपालासह अनेक राजांची राजचिन्हं हिरावल्याचा उल्लेख आहे. मग स्वारी ८०५ च्या आधीच झालेली असणार. त्यामुळे जन्म ८०० च्या आसपास गेला आणि गादीवर बसताना वय चौदाच्या घरात आलं. मला हाच पक्ष बळकट वाटतो.

आता तुझी ओळ पुन्हा लिहून बघू. १६ जून ८६६ ला राज्यवर्ष ५२ वं, वय अंदाजे ६६. जुना पक्ष धरला तर ५८. कान्हेरीच्या शेवटच्या लेखाच्या वेळी अनुक्रमे ७७-७८ किंवा ७० च्या जवळ. लक्षात घे, या आठ वर्षांच्या फरकाने राज्याच्या कालावधीला धक्काही लागला नाही. आयुष्य लांबलं ते पुढच्या टोकाला नव्हे, जन्माच्या टोकाला.

मृत्यूचं टोक मात्र मोकळंच आहे, आणि त्यात एक गोम आहे. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ या छोट्या संस्कृत रचनेच्या शेवटी, विवेकाने राज्य सोडलेल्या राजा अमोघवर्षाने ती रचली असा श्लोक येतो. तिच्या कर्तृत्वावर इतरांचेही दावे आहेत, पण तिच्या तिबेटी भाषांतरातही अमोघवर्षाचंच नाव आहे. राजाने खरंच राज्य सोडलं असेल, तर राज्याचा शेवट आणि आयुष्याचा शेवट या दोन निराळ्या तारखा होतात, आणि ‘८७८’ समोर मृत्यू लिहिता येत नाही. त्यात सौंदत्तीचा एक लेख शके ७९७ चा, म्हणजे कान्हेरीच्या शेवटच्या लेखाच्या दोन वर्षं आधीचा, मुलाचं, दुसऱ्या कृष्णाचं नाव घेतो. बाप असताना मुलगा कारभार पाहत होता, की त्या तारखेतच काही घोळ आहे? तुझ्या तक्त्यात दोन्ही लेख ठेव. एकाला सोईसाठी गाळू नकोस.

वयाचा अंदाज पारखायची आणखी एक आडवाट आहे. बापाचं राज्य साठीपलीकडे गेलं की मुलगा गादीवर येईपर्यंत स्वतः पिकलेला असतो. कृष्णानंतर ९१४ च्या सुमारास गादीवर त्याचा मुलगा जगत्तुंग आला नाही, तो आधीच वारला होता. नातू तिसरा इंद्र आला. याने जन्मसाल सिद्ध होत नाही, पण अमोघवर्षाच्या दीर्घ राज्याशी हे सगळं जुळतं.

तक्ता दुरुस्त करताना राज्यारोहण, शेवटचा लेख, जन्म आणि मृत्यू असे चार वेगळे रकाने कर. प्रत्येकात पट्टा लिही आणि तो ज्या लेखावर उभा आहे त्याचं शकवर्ष सोबत दे. मृत्यूचा रकाना या राजापुरता ‘शके ७९९ नंतर’ एवढाच भर, तेही राज्यत्यागाच्या टीपेसह. कृष्णाचा हिशोब करायला घेतलास की सौंदत्तीपासून सुरू कर आणि पाठव.

तुझा शुभचिंतक