'यस्टरडे' आलं की 'हॅव' का चालत नाही?

प्रश्न: बँकेला ईमेल लिहिताना मी 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' असं लिहिलं. साहेबांनी 'हॅव'वर लाल फुली मारली. मराठीत तर आपण 'काल फॉर्म भरलाय' असंच म्हणतो. मग इंग्रजीत बिघडलं काय?

उत्तर:

मी परभणीत अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. हेच वाक्य दरवर्षी वह्यांमध्ये सापडतं आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा असतो. आपल्याकडे शाळेत सांगतात की वाक्याच्या शेवटी 'आहे' आलं की 'हॅव' किंवा 'हॅज' लावायचं आणि क्रिया नुकतीच संपली असेल तर प्रेझेंट परफेक्ट वापरायचा. ही दोन्ही सूत्रं अर्धीच आहेत. 'काल फॉर्म भरलाय' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, कारण आपल्या 'आहे'ला 'काल'चं वावडं नाही. इंग्रजीतल्या 'हॅव'ला मात्र 'यस्टरडे' चालत नाही.

आधी 'नुकतीच' हा शब्द डोक्यातून काढा. दोन मिनिटांपूर्वी फोन केला असेल तरी 'आय कॉल्ड हिम टू मिनिट्स अगो' असंच म्हणावं लागतं. तिथे 'हॅव कॉल्ड' चालत नाही. उलट किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, म्हणजे तीन दशकांहून जुना, तरी 'किल्लारी हॅज सीन अ टेरिबल अर्थक्वेक' हे वाक्य बरोबर आहे. त्यात तारीख घातली की मात्र 'द अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी ऑन 30 सप्टेंबर 1993' असं साध्या भूतकाळात यावं लागतं. घटना तीच आणि जुनीही तेवढीच. फरक इतकाच की दुसऱ्या वाक्यात वेळेला एका दिवसावर नेऊन बांधलं.

असं का होतं ते समजायला 'हॅव'कडेच बघा. 'आय हॅव सबमिटेड' यात काळ 'सबमिटेड'वर नाही, 'हॅव'वर आहे, आणि 'हॅव' हे वर्तमानकाळाचं रूप आहे. बोलणारा आजच्या जागेवर उभा राहून मागे वळून बघतो आणि त्याच्या नजरेतला कालखंड या क्षणापर्यंत येऊन टेकलेला असतो. 'यस्टरडे' तर रात्री बारालाच संपला, त्याचं टोक आजला शिवत नाही. म्हणून ते दोन शब्द एका वाक्यात नांदत नाहीत.

हा खुलासा बरोबर आहे का, ते पडताळून बघता येतं. 'हॅव'वरचा वर्तमानकाळ काढून घ्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा: 'ही मस्ट हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे', म्हणजे त्याने काल फॉर्म भरलेला असणार. हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे. 'हॅविंग सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' अशी सुरुवातही शुद्धच. म्हणजे 'यस्टरडे'चं भांडण 'सबमिटेड'शी नाही, 'हॅव' या शब्दाशीही नाही. ते 'हॅव'च्या वर्तमानकाळाशी आहे. मला हा भाग व्याकरणातला सगळ्यात सुंदर वाटतो. पाठ केलेल्या नियमामागचं कारण तिथे उघडं दिसतं.

आता काळ दाखवणाऱ्या शब्दांना एकच प्रश्न विचारायचा: हा कालखंड बोलताना संपलाय की अजून चालू आहे? 'यस्टरडे', 'अगो', 'इन 2016', 'लास्ट इयर' हे सगळे संपलेले, त्यांच्याबरोबर साधा भूतकाळ. 'सिन्स' हा आजपर्यंत पोचणारा, त्याच्याबरोबर 'हॅव'. गोंधळ मधल्या शब्दांत होतो आणि खरा विचार तिथेच करावा लागतो.

उदाहरण पावसाचंच घ्या. जुलैच्या पंचवीस तारखेला तुम्ही जालन्यातून पुण्याच्या मित्राला कळवताय की या महिन्यात पाऊस दोनदाच झाला. जुलै अजून चालू आहे, म्हणून 'इट हॅज रेन्ड ओन्ली ट्वाइस धिस मंथ'. हेच ऑगस्टमध्ये सांगायचं झालं तर जुलैचं दार लागलेलं असतं, मग 'इट रेन्ड ओन्ली ट्वाइस इन जुलै'. 'धिस मॉर्निंग'चंही तसंच. सकाळी अकराला लिहिताना 'आय हॅव कॉल्ड ट्वाइस धिस मॉर्निंग', आणि दुपारी चारला तीच गोष्ट लिहिताना 'आय कॉल्ड ट्वाइस धिस मॉर्निंग'. शब्द तेच, घड्याळ पुढे गेलं म्हणून क्रियापद बदललं.

'लास्ट वीक' आणि 'इन द लास्ट वीक' यांत तर एका 'इन द'ने अर्थ फिरतो. पहिला म्हणजे मागचा आठवडा, जो संपला. दुसरा म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस, जे आत्तापर्यंत येतात. म्हणून त्याच्याबरोबर 'हॅव' चालतं.

'फॉर'कडून मात्र उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तो फक्त लांबी सांगतो. 'आय लिव्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे राहून झालं, आता तिथे नाही. 'आय हॅव लिव्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे अजून तिथेच आहे. नोकरीच्या अर्जात इथे चूक झाली तर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही आधीची नोकरी सोडलेली आहे, किंवा सोडलेलीच नाही.

आता तुमचा ईमेल. तुम्हाला बँकेला काय कळवायचंय, त्यावर दुरुस्ती ठरेल. फॉर्म पोचलाय, आता पुढची कारवाई करा, एवढंच सांगायचं असेल तर 'यस्टरडे' काढा: 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म'. तारीख महत्त्वाची असेल, म्हणजे मुदतीच्या आत दिल्याचं दाखवायचं असेल, तर 'हॅव' काढा: 'आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे'. दोन्ही हवं असेल तर दोन वाक्यं करा. पहिल्यात 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' म्हणून स्थिती सांगा आणि दुसऱ्यात 'आय हँडेड इट इन यस्टरडे ॲट द काउंटर' म्हणून तपशील द्या. इंग्रजी बातम्याही बहुतेक अशाच चालतात. पहिल्या वाक्यात 'हॅज डिक्लेअर्ड द रिझल्ट', आणि कधी, कुठे, कसा हे सांगायला लागलं की लगेच साधा भूतकाळ.

याच कारणाने 'व्हेन हॅव यू सबमिटेड इट?' हा प्रश्न चुकतो. 'व्हेन' भूतकाळातली एक नेमकी वेळ मागतो, म्हणून 'व्हेन डिड यू सबमिट इट?' हवं.

कधीकधी वाक्यात काळाचा शब्दच नसतो, तरी वेळ ठरलेली असते. मित्राच्या अंगावर नवा शर्ट दिसला. खरेदी झाली हे डोळ्यांसमोर आहे, आता त्या एका प्रसंगाबद्दलच विचारायचंय. म्हणून 'व्हेअर डिड यू बाय इट?' असं विचारायचं, 'हॅव यू बॉट' नाही.

आणि 'ऑलरेडी', 'येट', 'जस्ट' हे तीन शब्द लाल फुलीसाठी धरू नका. ब्रिटिश वळणाच्या, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या इंग्रजीत त्यांच्याबरोबर 'हॅव' येतं, पण अमेरिकेत 'आय ऑलरेडी सबमिटेड इट' सर्रास बोलतात आणि ते तिथे चूक मानत नाहीत. परीक्षेत 'हॅव' लिहा. अमेरिकन ग्राहकाच्या ईमेलमध्ये साधा भूतकाळ दिसला तर तो दुरुस्त करायला जाऊ नका. 'यस्टरडे'च्या बाबतीत मात्र अशी सूट तिकडेही नाही.